फुलांच्या शिल्लकीचा रोजचा तक्ता : प्रकल्प नोंदी

२ जून, सोमवार

आजपासून दुकानातल्या मालाचा तक्ता नव्याने बांधायला घेतला. आतापर्यंत वहीत दोनच आकडे पडायचे, सकाळी किती आणलं आणि रात्री किती उरलं. शनिवारी रात्री वहीत लिहिलं होतं, ‘गुलाब शिल्लक ६०’. रविवारी पहाटे खरेदीला जाताना मी त्या साठावर विसंबून नेहमीपेक्षा तीन गड्ड्या कमी उचलल्या. दुकान उघडून बादली पुढे ओढली तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याजोग्या ३८च दांड्या निघाल्या. बाकीच्यांतल्या काहींनी मान टाकली होती, काही पूर्ण उमलून सैल पडल्या होत्या. दुपारी चारला गुलाब संपला.

साठ हा आकडा खोटा नव्हता. त्या रात्री बादलीत खरोखर साठ दांड्या होत्या. पण त्यांतल्या किती सकाळपर्यंत टिकतील, हे तो आकडा सांगत नव्हता आणि खरेदीला मला नेमकं तेवढंच कळायला हवं होतं. म्हणून या तक्त्याचं काम ठरलं ते असं: रात्रीच्या शिल्लकीतून उद्याचा विकाऊ माल किती, हे पहाटे बाहेर पडण्याआधी समजलं पाहिजे.

३ जून, मंगळवार

पहिली अडचण मोजमापाची. खरेदी गड्डीत, विक्री दांडीत. वहीत ‘६ गड्ड्या’ लिहून संध्याकाळी दांड्या मोजल्या की मधला फरक कुठे गेला ते कळायला मार्ग उरत नाही. आज सहाही गड्ड्या सोडून मोजल्या. वीस-वीसच्या हिशेबाने १२० यायला हव्यात. एका गड्डीत १९ निघाल्या, दोन कळ्या बांधणीच्या दोऱ्याखाली चेपल्या होत्या. म्हणजे हाती आल्या ११७.

यापुढे आवक दांडीतच लिहायची, आणि तीही गड्डी सोडून, खालची पानं काढून, दांडीचं टोक तिरकं छाटून, बादलीत लावल्यावर. बाजारातून आलेला आकडा वेगळ्या रकान्यात राहील, पण हिशेबात तो धरायचा नाही. त्या दोन आकड्यांतलं अंतर कोणाच्या मालात किती येतं, तेही महिनाभरात दिसेल.

४ जून, बुधवार

आजचा दिवस प्रतवारीत गेला.

सुरुवातीला चार प्रती लिहिल्या: उत्तम, बरी, हलकी, फेक. मग कालच्या गुलाबांची ४० दांड्यांची एक बादली घेऊन मी आणि दुकानात बांधणीचं काम बघणाऱ्या ताईंनी एकमेकांना न सांगता प्रत लावली. मला ३१ उत्तम वाटल्या, ताईंना २२. बादली तीच, वेळ तीच आणि फरक नऊ दांड्यांचा. ताई म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही फूल बघताय, मी ते उद्या बांधायला चालेल का ते बघतेय.’

ताईंचा प्रश्नच बरोबर होता. ‘बरी’ किंवा ‘हलकी’ म्हणजे काय हे ज्याच्या त्याच्या नजरेवर जातं. म्हणून प्रतींची नावं बदलली आणि प्रत्येक प्रतीला दिवस जोडला. ‘अ’ म्हणजे आज गेलं नाही तरी उद्या चालेल. ‘ब’ म्हणजे आजच गेलं पाहिजे. ‘क’ म्हणजे अखंड फूल म्हणून देता येणार नाही, पाकळ्या सुट्या करून वापरता येतील. चौथी फेक.

मग प्रत्येक फुलाची खूण ठरवली, डोळ्याला आणि बोटाला कळेल अशी. गुलाबाची कळी देठाच्या बाजूने, जिथे पाकळ्या एकत्र येतात तिथे, अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबायची. आत घट्ट गाभा लागला तर अ. बोट थोडं आत जाऊन थांबलं तर ब. मऊ, पोकळ लागलं तर क. अगदी बाहेरच्या पाकळीवर डाग असला म्हणून प्रत उतरवायची नाही. ती पाकळी आतल्या पाकळ्यांना सांभाळून आलेली असते, ती काढून टाकली की खालचं फूल स्वच्छ निघतं. आपण इतके दिवस डाग बघूनच फुलं मागे सारत होतो. मान वाकलेल्या गुलाबाचं मात्र वेगळं बघावं लागतं, ते पुढच्या नोंदीत.

जरबेऱ्याची खूण मधल्या चकतीत आहे. परागाची पिवळी कडी बाहेरून आत सरकत जाते. कडी काठालाच असेल तर फूल नवं, मध्यापर्यंत पोचली असेल तर जुनं. त्याशिवाय दांडी खालून धरून उभी करायची, फुलाच्या लगेच खाली लवली तर ते अ नाहीच. शेवंतीत फुलाआधी पान बघायचं, कारण फूल ताठ दिसत असतानाच खालची पानं पिवळी पडायला लागतात. कार्नेशनच्या पाकळ्यांच्या कडा आत वळायला लागल्या की त्या फुलाचा प्रवास संपत आला असं धरायचं.

खुणा ठरल्यावर तीच बादली पुन्हा प्रतवारीला घेतली. मी २६ अ, ताई २७. माझ्या २६ दांड्यांना पांढरा दोरा बांधून ठेवला आहे. उद्या बघू.

६ जून, शुक्रवार

दोरा बांधलेल्या २६ पैकी २३ दांड्या काल दिवसभर खरोखरच विकण्याजोग्या राहिल्या. तीन दांड्यांनी दुपारीच दगा दिला. एवढी चूक चालेल.

दुसरा प्रश्न होता, प्रत कधी लावायची. रात्री दुकान बंद करताना मोजतोच आहोत तर त्याच वेळी प्रतही लावावी, असं आधी वाटलं. दोन दिवस तसं करून पाहिलं आणि सोडून दिलं. संध्याकाळी फूल थकलेलं असतं. दिवसभर उघड्या हवेत पाणी उडून गेलेलं, दहा जणांनी हाताळलेलं. काल रात्री मी सात गुलाब फेकमध्ये टाकले होते, सगळ्यांच्या माना लवलेल्या. ताईंनी ते फेकू दिले नाहीत. टोकाकडून साधारण दोन सेंटीमीटर छाटून, कागदात सरळ गुंडाळून, स्वच्छ पाण्याच्या बादलीत खोल बुडवून ठेवले. पहाटे सातपैकी चार ताठ उभे होते.

याचं कारण साधं आहे. दांडीतल्या बारीक नळ्यांत हवेचा बुडबुडा किंवा पाण्यातले जिवाणू अडकले की वर पाणी चढत नाही आणि फुलाचं ओझं मानेला पेलवत नाही. अडथळा टोकाजवळ असेल तर छाटल्याने वाट मोकळी होते. अडथळा वर असेल किंवा मानेचा भाग कोवळा असतानाच कळी तोडली असेल तर किती छाटलं तरी मान उठत नाही. म्हणून लवलेल्या गुलाबाची प्रत रात्री लावताच येत नाही. एक रात्र पाण्यात काढल्यावरच ते कळतं.

तेव्हा नियम असा: रात्री फक्त मोजायचं, पहाटे फक्त प्रत लावायची. पहाटेच्या चार प्रतींची बेरीज रात्रीच्या मोजणीएवढीच आली पाहिजे. नाही आली तर रात्रीची मोजणी चुकली असं समजून पुन्हा मोजायचं. आणि प्रतवारी खरेदीला निघण्याआधी, म्हणजे मला अर्धा तास लवकर उठावं लागेल. ते जमवीन.

९ जून, सोमवार

ताळा लागत नाही.

तक्ता संगणकावर घेतला आहे. एका ओळीत एक फूल. B आरंभीची शिल्लक, C लावलेली आवक, D सुटी विक्री, E गुच्छात गेलेली, F मोडलेली, G फेक, H हिशेबाने येणारी शिल्लक, I रात्री मोजलेली शिल्लक, J फरक.

```
H5: =B5+C5-D5-E5-F5-G5
J5: =I5-H5
```

आज गुलाबाची ओळ अशी पडली: आरंभी ३४, आवक ११७, सुटी विक्री ६४. गुच्छ विकले पाच, प्रत्येकी आठ दांड्यांचा ठरलेला, म्हणून ४०. मोड आणि फेक शून्य लिहिलेली. हिशेबाने ४७ उरायला हव्यात. मोजल्या तर ३३. उणे १४.

चौदा दांड्या म्हणजे गड्डीतल्या जवळजवळ तीनचतुर्थांश. दुकानातल्या पोराने आधीच सांगितलं, ‘दादा, मी एकपण फुकट दिली नाही.’ त्याच्यावर संशय नव्हताच, तसं त्याला स्पष्ट सांगितलं. दुकान बंद करून तिघांनी मिळून दिवस पुन्हा आठवला. दोन दांड्या काटे काढताना मोडल्या होत्या, त्या थेट केराच्या डब्यात गेल्या होत्या. पाचपैकी दोन गुच्छांत ताईंनी आठच्या जागी दहा दांड्या घातल्या होत्या, कारण त्या ब प्रतीच्या होत्या आणि आठांत गुच्छ विरळ दिसत होता. त्या झाल्या चार. उरल्या आठ. त्या आमच्या डोळ्यांसमोरच होत्या. दर्शनी भागात बांधून ठेवलेला सहावा गुच्छ विकला गेला नव्हता. तो बादलीत नव्हता म्हणून मोजला नाही आणि विकला नव्हता म्हणून E मध्येही आला नाही.

फरकाचा रकाना नसता तर या १४ दांड्या ‘विकल्या’ म्हणून खपल्या असत्या. जुन्या वहीत हेच होत होतं. खरेदीतून शिल्लक वजा केली की उरलेलं सगळं विक्रीच, असं आपण धरत आलो.

१० जून, मंगळवार

कालच्यावरून दोन बदल केले. गुच्छासाठी दांडी बादलीतून बाहेर निघाली की त्याच क्षणी E मध्ये लिहायची, गुच्छ विकला जाण्याची वाट बघायची नाही. बांधणीच्या टेबलावर पाटी लटकवली आहे, ताई तिच्यावर खडूने रेघा मारतात आणि रात्री मी त्या तक्त्यात उतरवतो. बांधलेल्या गुच्छांना तक्त्यात स्वतःची ओळ दिली, बांधल्याच्या तारखेसह. न विकलेला गुच्छ सोडवला तर चांगल्या दांड्या परत बादलीत येतात, त्या E मधून वजा करायच्या.

मोडलेली दांडी आता केरात जात नाही. टेबलाखाली एक रिकामा डबा आहे, त्यात पडते आणि रात्री मोजली जाते.

आज फरक उणे १.

१३ जून, शुक्रवार

एक फूल एक ओळ हेही पुरेना. दोन दिवसांपूर्वीचे आणि ताजे गुलाब एकाच बादलीत असले की पोराचा हात आपसूक ताज्याकडे जातो आणि जुना माल तळाशी बसून ब वरून क वर उतरतो. त्याचा दोष नाही, गिऱ्हाईक समोर उभं असताना कोणीही चांगलंच उचलेल. म्हणून दर खरेदीची वेगळी बादली आणि बादलीच्या कानाला त्या वाराच्या रंगाचा दोरा. जुनी बादली पुढे, नवी मागे. तक्त्यातही फुलाच्या नावापुढे खरेदीची तारीख आली, म्हणजे एका वेळी गुलाबाच्या दोन, क्वचित तीन ओळी असतात.

मांडणी बदलल्यावर पहाटेच्या क मध्ये पडणाऱ्या दांड्या लगेच कमी दिसल्या. पण तीन दिवसांवर विश्वास ठेवत नाही, आणखी बघू.

१८ जून, बुधवार

कार्नेशनच्या रात्रीच्या रकान्यात सलग तीन दिवस शून्य. पोरगा खूश होता. मलाही आधी बरं वाटलं, मग विचारलं, ‘काल कधी संपली?’ तर म्हणाला, ‘दुपारी जेवायच्या आधीच.’

म्हणजे ते शून्य आपल्याला फसवत होतं. रात्री दोन उरल्या तर मागणी किती होती ते कळतं. काहीच उरलं नाही तर मागणी निदान एवढी तरी होती, इतकंच कळतं. असे तीन शून्यांचे दिवस सरासरीत घातले असते तर तक्त्यानेच मला कमी खरेदी करायला लावलं असतं, तीही नेमकी सगळ्यात जास्त मागणी असलेल्या फुलाची.

दोन रकाने वाढवले: संपल्याची वेळ आणि विचारून गेलेले. दुसऱ्यात पोरगा रेघ ओढतो, पण गिऱ्हाइकाने बदली फूल घेतलं तर नाही, रिकाम्या हाताने गेलं तरच. किती दांड्या हव्या होत्या हे विचारलं तर बहुतेक जण सांगतात.

२२ जून, रविवार

सकाळी मन खट्टू झालं. थंड कपाटातल्या कार्नेशनच्या ४० पैकी २२ दांड्या पहाटे क मध्ये गेल्या. पाकळ्यांच्या कडा आत वळलेल्या, फूल मिटून झोपल्यासारखं.

माल जुना होता असं म्हणून सोडून दिलं असतं, पण तारखेच्या ओळींमुळे नीट बघता आलं. कपाटात दोन खेपा होत्या. गुरुवारच्या १६ पैकी ९ गेल्या, कालच्या २४ पैकी १३. दोन्हींत निम्म्याहून थोड्या जास्त. फूल वयाने गेलं असतं तर गुरुवारच्या बादलीत जास्त नुकसान दिसलं असतं. कालच्याच खेपेतल्या दहा दांड्या जागा नव्हती म्हणून कपाटाबाहेर राहिल्या होत्या, त्यांतली एकही मिटली नव्हती. बाहेर तर उकाडा जास्त. तेव्हा बिघाड मालात नव्हता, कपाटात होता.

कपाट रिकामं केलं तेव्हा खालच्या कप्प्यात शुक्रवारची फेकीची बादली सापडली, मिटलेल्या कार्नेशनने भरलेली. ‘उद्या टाकू’ म्हणून आत सरकवलेली. कोमेजणारं फूल इथिलीन सोडतं आणि कार्नेशन त्या वायूला फार नाजूक असतं. बंद कपाटात तो साचतो, आणि मिटायला लागलेली नवी फुलंही त्यात भर घालतात. माझ्या मते कारण हेच. गुलाबाला त्याच कपाटात विशेष काही झालेलं नव्हतं, तेही याच्याशी जुळतं.

फेक मोजून झाली की त्याच रात्री दुकानाबाहेर जाईल. कपाट धुऊन दिवसभर उघडं ठेवलं. तक्त्यात एक रकाना आणखी, ‘जागा’: कपाट किंवा बाहेर. अँथुरियम आणि ऑर्किडची जागा कायम ‘बाहेर’च भरली आहे. गुलाबाला मानवणारी २ ते ४ अंशांची थंडी त्यांना सोसत नाही, पाकळीवर काळपट डाग येतात आणि ते दुकानात नाही तर गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर दिसतात.

८ जुलै, मंगळवार

दोन आठवडे नुसते आकडे भरले, इथे लिहिण्यासारखं फारसं नव्हतं. फरकाचा रकाना बहुतेक दिवशी शून्य ते उणे २ मध्ये राहतो. आज पहिल्यांदा गुलाबाची खरेदी पूर्णपणे तक्त्यावरून केली, ती टप्प्याटप्प्याने मांडून ठेवतो.

आधी मंगळवारचा उठाव काढला. उठाव म्हणजे सुटी विक्री आणि गुच्छात गेलेल्या दांड्या मिळून. वारावारांत फरक पडतो म्हणून मंगळवारची तुलना मंगळवारशीच. मागचे चार मंगळवार: ९६, ११०, ८८, १०४. शेवटच्या मंगळवारी गुलाब संध्याकाळी सहाला संपला होता आणि विचारून गेलेल्यांच्या ९ दांड्या लिहिलेल्या होत्या, म्हणून तो आकडा ११३ धरला. चढत्या क्रमाने ८८, ९६, ११०, ११३.

यांतला कोणता धरायचा? सरासरी काढून मोकळं होता आलं असतं. पण कमी पडण्याचं नुकसान आणि उरण्याचं नुकसान सारखं नसतं. एक दांडी विकून जे सुटतं, ते एक दांडी फेकून जे बुडतं त्याच्याएवढंच असेल तर मधला आकडा योग्य, म्हणजे निम्मे दिवस पुरेल आणि निम्मे दिवस कमी पडेल. आपल्या गुलाबात सुटणारं बुडणाऱ्याच्या साधारण दुप्पट आहे. मग तीनपैकी दोन दिवस माल पुरला पाहिजे, असा हिशेब बसतो. चार आकड्यांत ते तिसऱ्याच्या आसपास येतं, म्हणून ११० धरले. चार मंगळवार हे फार थोडे आहेत हे मला ठाऊक आहे. आकडे वाढतील तसा हा अंदाज सुधारत नेईन.

पहाटेची प्रत: अ २१, ब १२, क ३. अ पूर्ण धरायच्या. ब मधल्या तीनपैकी दोन त्या दिवशी मार्गी लागतात असं गेल्या महिन्याच्या नोंदींत दिसतं, म्हणून १२ पैकी ८ धरल्या. क धरायच्याच नाहीत. ११० मधून २१ आणि ८ वजा केल्या, ८१ राहिल्या. गड्डी सोडून लावेपर्यंत विसापैकी १९ हाती लागतात, म्हणजे चार गड्ड्यांत ७६ आणि पाचांत ९५. पाच घेतल्या. वरच्या १४ दांड्या उरल्या तरी त्या आजच्याच असतील, बहुतेक उद्या अ मध्येच निघतील. जुन्या ब दांड्यांनी भरून वाढलेली शिल्लक असती तर चारच घेतल्या असत्या.

रात्री तक्ता बंद केला तेव्हा असं आलं: आरंभी ३६, आवक ९६, कारण आज एका गड्डीत जास्तीची दांडी निघाली. सुटी विक्री ५८, गुच्छात ४१, मोड २, क मिळून फेक ५. हिशेबाने २६. पोराने मोजल्या, मग ताईंनी मोजल्या. २६.

उठाव ९९ झाला, धरलेल्या ११० पेक्षा ११ कमी. गुलाब दिवसभर पुरला, विचारून गेलेल्यांच्या रकान्यात एकही रेघ नाही.

९ जुलै, बुधवार

पहाटे २६ ची प्रत: अ २२, ब ३, फेक १. बेरीज जुळली. फेकीतली एक म्हणजे कालच्या दुपारपासून मान टाकलेली दांडी, छाटून रात्रभर पाण्यात ठेवली होती, उठली नाही.

लिलीचं अजून ठरलेलं नाही. तिची दांडी मोजून उपयोग नाही, कारण एका दांडीवर दोन कळ्या असतात तशा पाचही असतात. खालची उमलून गळते तेव्हा वरची हिरवीच असते. एकाच दांडीवर अ आणि क दोन्ही प्रती. उद्यापासून लिलीच्या ओळीत रंग धरलेल्या कळ्या आणि उमललेली फुलं वेगळी लिहून बघतो. ताईंनी आजच दहा दांड्या बाजूला काढून त्यांच्यावरच्या कळ्या मोजून ठेवल्या आहेत.